लाल फूल, हिरवी पाने आणि एकच करडा : कृष्णधवल करताना रंगांवर ताबा कसा ठेवावा

गर्द पानांत उमललेले लाल फूल लांबूनही नजरेत भरते, म्हणून आपण त्याचे छायाचित्र टिपतो. नंतर तेच छायाचित्र एका बटणावर कृष्णधवल केले, की फूल पानांत असे काही मिसळून जाते, की ते कुठे होते हे शोधावे लागते. माझ्या बाबतीत हे झाले तेव्हा मी बराच वेळ कॉन्ट्रास्ट वाढवत बसलो. त्याने फूल काळपट झाले, पण त्याबरोबर पानेही काळपट झाली. कॉन्ट्रास्ट वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण फूल आणि पान दोघांनाही जवळजवळ एकच करडी छटा मिळालेली असते, आणि एकदा छटा एकच झाली की त्यांना वेगळे करण्यासारखे चित्रात काहीच उरत नाही. फरक करायचा असेल तर तो रंगाचे करड्यात रूपांतर होत असतानाच करावा लागतो. हे रूपांतर आपल्या हातात कसे घ्यावे, ते या एकाच फुलाच्या उदाहरणातून पायरीपायरीने सांगतो.

आधी हाताशी काय असावे

- मूळ रंगीत फाइल. रॉ असेल तर उत्तम. जेपीईजी असेल तर शक्य तितकी मोठी आणि कमीत कमी दाबलेली प्रत.
- रंगानुसार करडे ठरवू देणारा प्रोग्राम. मी पुढे फोटोशॉपमधील `Channel Mixer` आणि `Black & White` यांच्या आधारे सांगितले आहे. गिंपमध्ये `Mono Mixer` आहे, आणि लाइटरूमच्या कृष्णधवल विभागात आठ रंगांचे स्लायडर मिळतात. नावे बदलली तरी विचार तोच राहतो.
- पिक्सेलचे आकडे दाखवणारे साधन, म्हणजे आयड्रॉपर किंवा `Info` पॅनेल.
- कागद आणि पेन्सिल. पहिल्या काही वेळा तरी लागतेच.

१. रंग शाबूत ठेवा आणि आधी तेच नीट करा

नवखा माणूस हमखास करतो ती चूक अशी, की तो आधी चित्र करडे करतो आणि मग त्याचे रंग हाताळायला जातो. `Image > Mode > Grayscale` केल्यावर किंवा फोनच्या कृष्णधवल मोडमध्ये जेपीईजी जतन झाल्यावर प्रत्येक पिक्सेलजवळ एकच आकडा उरतो. तो पिक्सेल मुळात लाल होता की हिरवा, हे सांगणारे काही त्या फाइलमध्ये नसते आणि ते कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही. म्हणून रूपांतर नेहमी ॲडजस्टमेंट लेयरवर करा. खालचे रंगीत चित्र तसेच राहते आणि वरच्या लेयरचे आकडे कधीही बदलता येतात.

करडे करण्यापूर्वी व्हाइट बॅलन्सही जागेवर आणा. चित्र शेवटी कृष्णधवलच होणार असल्यामुळे ही पायरी अनावश्यक वाटते, मात्र पुढचे सगळे स्लायडर रंग ओळखूनच काम करतात. संपूर्ण चित्रावर पिवळी झाक असेल, तर पांढरी भिंतसुद्धा पिवळ्या स्लायडरच्या कह्यात जाते आणि पाने उजळायला गेल्यावर भिंतही उजळते.

२. फूल, पान आणि आकाश यांचे आकडे लिहून घ्या

आयड्रॉपर एका पिक्सेलऐवजी ५×५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवा, म्हणजे नॉइजमुळे आकडा भरकटत नाही. मग जे भाग एकमेकांपासून वेगळे दिसायला हवेत, त्या प्रत्येकाचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे नोंदवा. उदाहरणासाठी हे आकडे घेऊ:

- फुलाची पाकळी: लाल १९०, हिरवा ४०, निळा ४५
- पान: लाल ७०, हिरवा १०५, निळा ४५
- आकाश: लाल ११०, हिरवा १६०, निळा २१५

आता एका बटणावर रूपांतर करताना यांचे काय होते ते पाहू. दूरचित्रवाणीच्या काळापासून चालत आलेले आणि आजही अनेक ठिकाणी वापरले जाणारे सूत्र असे आहे:

```
gray = 0.299 × R + 0.587 × G + 0.114 × B
```

डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद भासतो, म्हणून हिरव्याचे वजन जास्त आहे. या सूत्राने पाकळीचा करडा येतो ८५ आणि पानाचा ८८. आकाश १५१ वर जाते. ८५ आणि ८८ यांतला फरक डोळ्याला जाणवत नाही. फूल हरवण्याचे कारण एवढेच आहे. फोटोशॉपच्या `Desaturate` आज्ञेची रीत निराळी आहे. तिथे तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांची सरासरी काढली जाते. त्यामुळे पाकळी ११५ वर आणि पान ७५ वर येते. म्हणजे चित्र तेच असले तरी पाककृती बदलली की निकाल बदलतो. एका बटणाचे रूपांतरही कुणाच्या तरी पाककृतीनेच होते. फक्त ती आपण निवडलेली नसते.

३. कोण उजळ आणि कोण गडद, हे स्लायडरला हात लावण्यापूर्वी ठरवा

स्लायडर हलवत बसून ‘छान दिसेल तेव्हा थांबू’ असे ठरवले, तर थांबणे होत नाही. कागदावर उतरंड लिहा. आपल्या उदाहरणात दोन मार्ग आहेत. फूल उजळ, आकाश मध्यम आणि पाने गडद ठेवली तर फूल चित्रातून पुढे येते. याउलट फूल जवळजवळ काळे, पाने मध्यम आणि आकाश उजळ ठेवले, तर फूल जड आणि गंभीर वाटते. दोन्ही बरोबर आहेत. लाल रंगाला ‘खरा’ असा एखादा करडा नसतोच. फिल्मच्या जमान्यात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे ओठ काळपट आणि निळे आकाश पांढरे उतरे. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावर छायाचित्रकार भिंगापुढे लाल काच लावून तेच आकाश काळेभोर करू लागले. आपण जे स्लायडर हलवतो, ते त्या काचेचेच काम करतात, आणि तेही छायाचित्र टिपून झाल्यानंतर.

मी येथे पहिला मार्ग घेतो: फूल सुमारे १५०, आकाश सुमारे ११५ आणि पान सुमारे ७५.

४. तिन्ही चॅनल एकेक करून पाहा

`Channels` पॅनेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे चॅनल एकटे उघडले, की तीन तयार कृष्णधवल चित्रे समोर येतात. लाल चॅनलमध्ये पाकळी १९० आणि पान ७०, म्हणजे फूल झळाळते. हिरव्या चॅनलमध्ये पाकळी ४० आणि पान १०५, म्हणजे फूल काळवंडते. निळ्यात दोन्ही ४५, म्हणजे तिथे फूल आणि पान यांत काहीच फरक नाही, फक्त आकाश भगभगीत आहे. निळा चॅनल बहुधा सर्वांत दाणेदारही असतो, हेही याच वेळी दिसून येते.

या पायरीवर एक गोष्ट बारकाईने पाहा. भडक लाल फुलाच्या छायाचित्रात एकूण एक्स्पोजर बरोबर असूनही लाल चॅनल एकटाच २५५ ला जाऊन टेकलेला असतो. रंगीत चित्रात हे कळून येत नाही, कारण पाकळीवरच्या शिरा आणि घड्या आपल्याला हिरव्या चॅनलमुळे दिसत असतात. मात्र कृष्णधवल करताना तुम्ही लालवरच भिस्त ठेवली, तर पाकळीच्या जागी सपाट पांढरा डाग उरतो. लाल चॅनलमध्ये पाकळीच्या शिरा दिसत नसतील तर रॉ फाइलवर परत जाऊन एक्स्पोजर खाली आणा. जेपीईजी असेल तर हिरव्या चॅनलचा काही वाटा मिश्रणात ठेवावाच लागेल.

५. चॅनल मिसळून पाहा

`Channel Mixer` ॲडजस्टमेंट लेयर घेऊन `Monochrome` वर खूण करा. तिथे तिन्ही चॅनलचे वाटे टक्क्यांत देता येतात. लाल ७०, हिरवा ३०, निळा ० दिल्यास पाकळी १४५, पान सुमारे ८० आणि आकाश १२५ होते. ठरवलेली उतरंड एका फटक्यात मिळाली. लाल १००, हिरवा २० आणि निळा उणे २० दिल्यास पाकळी १८९, पान ८२ आणि आकाश ९९ होते, म्हणजे लाल काचेसारखा नाट्यमय परिणाम मिळतो.

दोन्ही मिश्रणांत वाट्यांची बेरीज १०० आहे, हे ध्यानात ठेवा. ज्या पिक्सेलमध्ये तिन्ही आकडे सारखे असतात, उदाहरणार्थ २३५ चा पांढरा ढग, तो बेरीज १०० असेपर्यंत २३५ वरच राहतो. बेरीज १२० झाली तर त्याचा हिशेब २८२ वर जातो आणि २५५ च्या वर काही नसल्यामुळे ढगातला सगळा तपशील पांढऱ्यात बुडतो. `Total` हा आकडा फोटोशॉप तिथेच दाखवतो. त्यावर लक्ष ठेवावे. गिंपच्या `Mono Mixer` मध्ये तेच वाटे दिल्यास आकडे थोडे वेगळे येतील, कारण काही प्रोग्राम हे गणित प्रकाशाच्या रेषीय मूल्यांवर करतात. आपल्या उदाहरणात कोण उजळ आणि कोण गडद हा क्रम मात्र बदलत नाही.

या पद्धतीची मर्यादा अशी, की तीन मुठींनी सगळे चित्र एकदम हलते. आकाश गडद करायला निळा कमी केला, की सावल्याही बदलतात, कारण उघड्या आकाशाखालच्या सावलीत निळसर झाक असते. एकाच रंगाला हात लावायचा असेल तर पुढची पायरी लागते.

६. सहा स्लायडरचा हिशेब समजून घ्या

`Black & White` ॲडजस्टमेंट लेयरमध्ये लाल, पिवळा, हिरवा, निळसर हिरवा, निळा आणि जांभळट गुलाबी असे सहा स्लायडर असतात. त्यांच्या सुरुवातीच्या किमती या अशा:

```
Reds 40   Yellows 60   Greens 40
Cyans 60  Blues 20     Magentas 80
```

बहुतेक जण पाने गडद करण्यासाठी `Greens` खाली ओढतात, फारसे काही घडत नाही, आणि मग प्रोग्रामला दोष देतात. मीही दिला होता. खरे कारण समजायला पिक्सेलची तीन भागांत फोड करावी लागते. तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा हा रंगहीन पाया. त्याला कोणताही स्लायडर हात लावत नाही. मोठा आणि मधला यांतील फरक मुख्य रंगाच्या स्लायडरकडे जातो. मधला आणि लहान यांतील फरक शेजारच्या मिश्र रंगाच्या स्लायडरकडे जातो.

पान घ्या: ७०, १०५, ४५. पाया ४५. मोठा हिरवा १०५ आणि मधला लाल ७०, म्हणून ३५ हिरव्याकडे. मधला ७० आणि लहान ४५, म्हणून २५ पिवळ्याकडे, कारण लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो. सुरुवातीच्या किमतींनी पानाचा करडा येतो:

```
45 + 35 × 0.40 + 25 × 0.60 = 74
```

हे पान बऱ्यापैकी हिरवे होते. उन्हात जून झालेले पान घ्या: १००, ११०, ५०. येथे हिरव्याकडे फक्त १० आणि पिवळ्याकडे ५० जातात. हे पान डोळ्याला हिरवे दिसत असले तरी हिशेबात ते पिवळे आहे, आणि म्हणून ते `Yellows` ने हलते. गवत, शेवाळ आणि बहुतेक झाडोरा याच जातीचा असतो. अंदाज बांधण्यापेक्षा ॲडजस्टमेंटच्या पॅनेलमधील हाताचे चिन्ह निवडून चित्रातल्या पानावरच कर्सर दाबून डावी-उजवीकडे ओढा. त्या जागी जो स्लायडर प्रमुख आहे तोच सरकतो आणि आपोआप उत्तर मिळते.

आता आपले उदाहरण पूर्ण करू. पाकळीत पाया ४०, लालकडे १४५ आणि जांभळट गुलाबीकडे ५ जातात. `Reds` ७५ केला तर ४० + १०९ + ४, म्हणजे सुमारे १५३ येतो. आकाशात पाया ११०, निळ्याकडे ५५ आणि निळसर हिरव्याकडे ५० जातात. `Blues` ० आणि `Cyans` १० ठेवल्यास ११५ येतो. पान ७४ वर होतेच, त्याला हात लावायची गरज नाही. अंतिम किमती अशा:

```
Reds 75   Yellows 60   Greens 40
Cyans 10  Blues 0      Magentas 80
```

पांढऱ्या ढगात मोठा, मधला आणि लहान हे तिन्ही आकडे सारखेच असल्यामुळे स्लायडरच्या वाट्याला शून्य येते आणि ढग जागचा हलत नाही. चॅनल मिक्सरमध्ये बेरजेची जी काळजी घ्यावी लागत होती, ती येथे घ्यावी लागत नाही. अतिरेक मात्र येथेही महागात पडतो. `Reds` १५० केला तर पाकळीचा हिशेब २६० च्या पलीकडे जातो आणि पुन्हा तोच सपाट पांढरा डाग उरतो.

चित्रात माणूस असेल तर `Reds` विशेष जपून वापरा. त्वचेचा रंग कोणताही असो, तो लाल आणि पिवळ्याच्या दरम्यान पडतो, आणि ओठ त्वचेपेक्षा अधिक लाल असतात. फुलासाठी लाल चढवला की त्वचा तुकतुकीत होते, पण ओठ चेहऱ्यात विरून जातात. अशा वेळी चेहरा मास्कने वगळा आणि त्याच्यासाठी वेगळ्या किमतींचा दुसरा लेयर घ्या.

७. १०० टक्के आकारात कडा आणि आकाश तपासा

ही पायरी मी एकदा गाळली. जेपीईजीवर काम करत `Blues` आणि `Cyans` दोन्ही उणे शंभराच्या आसपास नेले होते. पडद्यावर लहान आकारात आकाश काळेशार आणि देखणे दिसत होते. मोठी प्रिंट हातात आली तेव्हा आकाशात फिकट चौकटी दिसत होत्या आणि प्रत्येक पानाच्या कडेला पांढरी रेघ होती, जणू कुणी पाने कात्रीने कापून चिकटवली होती.

याचे कारण जेपीईजीच्या बांधणीत आहे. बहुतेक जेपीईजीमध्ये उजळपणा पूर्ण बारकाव्याने साठवला जातो, पण रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्म्याच बारकाव्याने ठेवली जाते, शिवाय सगळे चित्र ८×८ पिक्सेलच्या चौकटींत दाबलेले असते. रंगीत चित्रात डोळ्याला हे कळत नाही. आपले स्लायडर मात्र रंगावरच चालतात, त्यामुळे पानाच्या कडेला जिथे हिरवा आणि निळा एकमेकांत सांडलेले असतात, तिथे करड्याचा हिशेब चुकतो आणि रेघ उमटते. त्यात निळ्याचा दाणेदारपणा स्लायडर जितका टोकाला न्याल तितका फुगतो.

म्हणून दर मोठ्या बदलानंतर चित्र १०० टक्क्यांवर आणून दोन जागा पाहा: आकाशाचा सर्वांत सपाट भाग, आणि आकाशासमोर आलेली पानांची किंवा फांद्यांची कडा. रेघ किंवा चौकटी दिसू लागल्या, तर स्लायडर मागे घ्या. शेजारच्या दोन स्लायडरमध्ये फार अंतर ठेवू नका. आकाश माथ्यावर निळे आणि क्षितिजाकडे निळसर हिरवे होत जाते, आणि `Blues` उणे ८० असताना `Cyans` ६० वर राहिला तर मधे भलताच पट्टा उमटतो. रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडून काम केल्यास बरीच मोकळीक मिळते, दाणे मात्र तिथेही वाढतात.

८. रंगाने न सुटणारे मास्कने सोडवा

लाल फुलामागे तशीच लाल भिंत असेल, तर कोणत्याही मिश्रणाने ती दोन्ही वेगळी होणार नाहीत, कारण आकडेच सारखे आहेत. रंगहीन गोष्टींचेही तसेच आहे: राखाडी दगड आणि राखाडी रस्ता यांत या स्लायडरना पकडण्यासारखे काही सापडत नाही. तिथे मास्क करून `Curves` ने तेवढाच भाग उजळ किंवा गडद करावा. आपल्या चित्रातही सावलीतल्या पाकळ्या अजून थोड्या दबलेल्या वाटत होत्या. त्यांचे आकडे १२०, २०, ३५ होते आणि वरील किमतींनी त्या ९६ वर आल्या, म्हणजे शेजारच्या ७४ च्या पानांपासून फक्त २२ अंकांनी दूर. `Reds` आणखी चढवला असता तर उन्हातल्या पाकळ्या हातच्या गेल्या असत्या. म्हणून तेवढ्या सावलीवर मऊ ब्रशने मास्क रंगवला आणि `Curves` ची मधली बाजू किंचित उचलून त्या ११० च्या आसपास आणल्या. फाइल लेयरसकट एकदा जतन केली, आणि करड्या मोडमध्ये सपाट केलेली प्रत केवळ प्रिंटसाठी वेगळ्या नावाने काढली.